नऊ मीटरचा रस्ता आणि साडेसात हजारांचा भाव: पुनर्विकासाच्या अहवालाबद्दल सोसायटीच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक समिती आणि आपल्या सोसायटीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

येत्या विशेष सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव येतो आहे. सल्लागारांचा तांत्रिक व्यवहार्यता अहवाल सगळ्यांच्या घरी पोचला आहे. चोवीसपैकी किती घरांत तो शेवटच्या पानापर्यंत वाचला गेला, हे मी विचारत नाही, कारण तो वाचायला सोपा लिहिलेलाच नाही. बहुतेकांनी एकच ओळ वाचली असणार: ‘प्रत्येक सभासदास ३५ टक्के अधिक कार्पेट, विनामूल्य.’ परवा जिन्यात एका शेजारीण काकूंनी मला विचारलं, “आपल्याले पैसा देनं नाई, घर मोठं भेटते, मंग काहून थांबाचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जिन्यात उभ्यानं देता येण्याजोगं नव्हतं, म्हणून हे पत्र.

बांधकाम खात्यात नोकरी केल्यामुळे असे अहवाल मी लिहिले आहेत आणि तपासलेही आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. आपली इमारत १९८४ची आहे, संडास-बाथरूमच्या खालचे स्लॅब सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि आणखी वीस वर्षं अशीच ढकलता येईल असं मला वाटत नाही. पण या अहवालाचा सगळा डोलारा दोन आकड्यांवर उभा आहे. एक रस्त्याचा, दुसरा भावाचा. हे दोन्ही आकडे अहवालात गृहीत धरले आहेत, तपासलेले नाहीत.

आधी रस्ता. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ एफएसआयच्या वर किती एफएसआय मिळेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. अहवालात आपला रस्ता ‘सुमारे ९ मीटर’ लिहिला आहे. नऊ मीटर धरला की मूळ एफएसआय १.१०, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय ०.३० आणि दुसऱ्याकडून विकत घ्यायचा बांधकाम हक्क, म्हणजे टीडीआर, ०.३०, असे मिळून १.७० होतात. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी निघाला तर वरचे दोन्ही गळतात आणि हातात १.१० उरतो. म्हणजे त्या ‘सुमारे’मध्ये आपल्या इमारतीचे जवळजवळ दोन मजले आहेत.

मी टेप लावून पाहिला. आपल्या कंपाउंडपासून समोरच्या घराच्या पायरीपर्यंत, दोन्ही बाजूंच्या नाल्या धरून, अंतर ८.४ मीटर भरलं. माझा टेप हा काही पुरावा नव्हे. नगर परिषदेच्या विकास आराखड्यात तो रस्ता किती रुंदीचा मंजूर आहे, हे महत्त्वाचं. तिथे ९ किंवा १२ मीटर दाखवला असेल तर चित्र बदलेल, पण मग रुंदीकरणात आपली किती जागा जाते तेही बघावं लागेल. दोन्ही गोष्टी नगर परिषदेकडून लेखी मिळतात. अहवालाला तसं एकही पत्र जोडलेलं नाही.

टीडीआरचं तर आणखी वेगळं आहे. आरक्षणात ज्याची जमीन गेली त्याला मोबदल्यात हक्काचं प्रमाणपत्र मिळतं, तो ते विकतो आणि बांधणारा विकत घेतो. हा व्यवहार त्याच नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत चालतो. नागपूरचा टीडीआर आणून आपल्या नगर परिषदेच्या हद्दीत वापरता येत नाही. आपल्या गावात आजवर कोणी टीडीआर विकल्याचं किंवा घेतल्याचं तुमच्यापैकी कोणाला आठवतं का? विकासक ०.३० टीडीआर मोजत असेल तर तो कोणाकडून घेणार, त्याचं नाव-गाव त्यानं सांगावं. तोवर तो आकडा कागदावरच आहे.

तिसरी गोष्ट प्लॉटच्या आराजीची. खरेदीखतात आणि आखीव पत्रिकेत १,६०० चौरस मीटर आहे आणि अहवालात तेच घेतलं आहे. पण मागच्या बाजूला नाल्याकडे भिंत आत घेतलेली आहे, पश्चिमेच्या कोपऱ्यात शेजाऱ्यांची गोठ्याची भिंत आपल्या अंगावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपाउंडच्या आतली जागा मी मोजली तेव्हा १,५०० चौरस मीटरच्या आसपास भरली. कागद आणि प्रत्यक्ष ताबा यांत जे कमी असेल, परवानगी त्यावरच मिळते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली की मोजणीच्या नकाशावर, म्हणजे ‘क’ प्रतीवर, हे स्पष्ट होतं. मोजणीशिवाय व्यवहार्यता अहवाल तयार होतोच कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता हे आकडे शेवटपर्यंत नेऊ. पद्धत अहवालाचीच ठेवतो. एकूण एफएसआयवर ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र मिळतं. त्यात जिने, मार्गिका, बाल्कन्या वगैरे येतात. एकूण बांधकामापैकी साधारण ७२ टक्के कार्पेट म्हणून हाती येतं, असं अहवालानं धरलं आहे, ते मलाही पटतं.

अहवालाच्या हिशेबानं १,६०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ४,३५२ चौरस मीटर बांधकाम होतं आणि त्यातून सुमारे ३३,७०० चौरस फूट कार्पेट निघतं. आपण चोवीस जण प्रत्येकी ५२० फुटांत राहतो. ३५ टक्के वाढीव धरून प्रत्येकाला ७०२ फूट दिले की १६,८५० फूट आपल्यात जातात आणि तेवढेच, म्हणजे जवळजवळ १६,९०० फूट, विकासकाला विकायला उरतात. निम्मे त्याचे, निम्मे आपले. कागदावर सुरेख दिसतं.

आता प्लॉट १,५०० धरा, रस्ता नऊ मीटरचाच आहे असं मानून चला आणि फक्त टीडीआर काढून टाका. कार्पेट २६,००० फुटांवर येतं. आपले ७०२ तसेच ठेवले तर विकायला ९,२०० फूट उरतात. आणि रस्ता नऊ मीटरपेक्षा कमीच ठरला तर एकूण कार्पेट साडेवीस हजार फूट आणि विक्रीसाठी साडेतीन हजारांच्या थोडं वर, म्हणजे पाच फ्लॅट. पाच फ्लॅट विकून चोवीस घरं फुकट बांधून देणारा विकासक अजून जन्मायचा आहे.

इथे भावाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. अहवालाच्या आर्थिक तक्त्यात विक्रीचा दर कार्पेटच्या चौरस फुटाला साडेसात हजार रुपये धरला आहे. हा दर कुठून आला, ते लिहिलेलं नाही. नागपूरच्या एखाद्या वस्तीतला असावा. आपल्या गावात गेल्या वर्ष-दीड वर्षात झालेल्या फ्लॅटच्या ज्या नोंदण्या मी दुय्यम निबंधक कार्यालयात पाहिल्या, त्यांचा हिशेब कार्पेटवर काढला तर दर पाच हजारांच्या आगेमागे येतो. त्यातही फ्लॅट घेणारे थोडे. आपल्याकडे ज्याच्याजवळ पैसा येतो तो आधी प्लॉट बघतो, नाहीतर वावर. कापसाचा भाव पडला त्या वर्षी बांधलेले फ्लॅट कुलपातच राहतात, हे सांगायला अभियंता लागत नाही.

बांधकामाचा खर्च मात्र गाव लहान म्हणून कमी होत नाही. सिमेंट-सळईचा भाव तोच, लिफ्टवाला नागपूरहून येणार, चांगला शटरिंगवालाही बाहेरचाच. अहवालात एकूण बांधकामावर चौरस फुटाला दोन हजार रुपये धरले आहेत, तेच घेऊ.

अहवालाच्या स्वतःच्या सर्वांत चांगल्या चित्रात बांधकामाला सुमारे ९ कोटी ३७ लाख लागतात. १६,९०० फूट साडेसात हजारांनी विकले तर साडेबारा कोटींच्या वर येतात आणि सगळ्यांचं भागतं. तेच फूट पाच हजारांनी विकले तर आठ कोटी ४५ लाख येतात. म्हणजे रस्ता, प्लॉट, टीडीआर यांचं सगळं अहवालासारखं जुळून आलं तरी नुसता बांधकामाचा खर्चही निघत नाही. बांधकाम चालू असताना आपल्याला द्यायची भाडी, प्रीमियम, नगर परिषदेचे आकार, मुद्रांक, जीएसटी, व्याज, नफा हे सगळं त्यावर.

मला माहीत आहे की इथे काही जण म्हणतील, विकासकाला नुकसान झालं तर ते त्याचं, आपलं काय जातं? आपलं घर जातं. तोट्यातला प्रकल्प विकासक तोटा सोसून पूर्ण करत नाही. इमारत पाडून होते, पहिलं वर्ष भाडं वेळेवर येतं, मग उशिरानं येतं, मग येत नाही, आणि पिलरच्या सळया उघड्यावर गंजत उभ्या राहतात. जो विकासक जास्त देऊ करतो त्याच्यापाशी हा धोका जास्त, कमी देऊ करतो त्याच्यापाशी कमी. ३५ टक्के ऐकून आपण खूश होतो तिथेच थांबून विचारायला हवं की हे पैसे नेमके कुठून येणार.

मग व्यवहार्य काय आहे? मी मधलं चित्र घेऊन पाहिलं: प्लॉट १,५००, रस्ता नऊ मीटर, टीडीआर नाही. वाढीव क्षेत्र शून्य, म्हणजे प्रत्येकाला आजच्याइतकंच ५२० फूट, पण नवं, लिफ्टसह, खाली पार्किंग. अशा वेळी विकायला साडेतेरा हजार फूट उरतात आणि त्यांचे पावणेसात कोटींच्या आसपास येतात. बांधकामाला सव्वासात कोटी, आणि भाडी, शुल्क, सल्लागार वगैरे मिळून मी ९० लाख धरले. साधारण एक कोटी ३५ लाखांची तूट राहते. चोवीस घरांत वाटली तर घरामागे साडेपाच लाखांच्या थोडं वर. यात विकासकाचा नफा नाही. खर्चावर दहा टक्के नफा धरला तर आकडा नऊ लाखांच्या घरात जातो. ऐकायला कडू आहे, पण आपल्या गावातल्या भावात पुनर्विकासाचं गणित असं बसतं. पाच-नऊ लाख भरून नवं घर हवं की त्याहून कमी खर्चात जुनं नीट करून घ्यायचं, हा आपल्यापुढचा खरा पर्याय आहे. अहवालात तो कुठेही मांडलेला नाही.

जुनं नीट होईल का, हे इमारतीच्या तपासणीवर ठरेल आणि तिथेही अहवाल उतावीळ आहे. ‘इमारत धोकादायक, दुरुस्ती अव्यवहार्य’ हा निष्कर्ष बारा ठिकाणी रिबाउंड हॅमर मारून काढला आहे. हा स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजात पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्यासाठी प्लास्टर काढून, काँक्रीट घासून गुळगुळीत करून मग मारायचा असतो. अहवालातले फोटो नीट पाहा, हातोडा रंगवलेल्या प्लास्टरवर टेकलेला आहे. प्लास्टरवरचं मोजमाप प्लास्टरचंच असतं. उलट जुन्या उघड्या काँक्रीटवर मारला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कठीण झालेली वरची कातडी आकडा फुगवून दाखवते. म्हणजे एकट्या हातोड्यावर ‘चांगली’ म्हणणंही चूक आणि ‘वाईट’ म्हणणंही.

खात्री करायची तर निवडक पिलर-बीममधून काँक्रीटचे दंडगोल गाभे काढून प्रयोगशाळेत दाबून पाहावे लागतात. त्याच ठिकाणी ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून सळईला जपून आहे, रंग आला नाही तिथवर ते संरक्षण संपलं आहे. बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला आणि ओल असेल तर गंज धरतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, वर्षातले सात-आठ महिने कोरडे जातात. मुंबईच्या इमारतींसारखा सगळ्या अंगानं गंज इथे सहसा धरत नाही, जिथे पाणी मुरतं तिथे धरतो. आपलं पाणी संडास-बाथरूमच्या स्लॅबमध्ये, गच्चीच्या पन्हाळीपाशी आणि छज्जांत मुरतं. तिथली सळई उघडी पडली आहे हे खरं, पण तळमजल्याचे पिलर तसेच असतील असं त्यावरून म्हणता येत नाही.

भेगांचंही तसंच. अहवालात सगळ्या भेगांचे फोटो एका पानावर डकवले आहेत. सळईच्या रेषेत सरळ गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली, टिचकी मारली तर पोकळ वाजणारी भेग गंजाची असते. तळमजल्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग काळ्या मातीची असते. माती सुकली की आकसते, भिजली की फुगते, भिंत तिच्यासोबत हलते. पूर्वेकडे तळमजल्यावर राहणाऱ्या तिघांनाही हे दर वर्षी दिसतं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकली की पट्टी तुटते का ते काही महिन्यांत कळतं. अशा भेगेसाठी इमारत पाडण्याची गरज नसते, प्लिंथभोवती पाणी मुरू न देण्याची व्यवस्था करावी लागते.

तीच काळी माती नव्या इमारतीलाही सोडणार नाही. आत्ता आपण तळ अधिक दोन आहोत. नव्यात पार्किंगवर चार-पाच मजले येतील. अहवालात मातीची भारक्षमता ‘गृहीत’ धरली आहे, माती तपासायला एकही बोअर घेतलेला नाही. मागच्या गल्लीत विहीर खणली तेव्हा मुरूम लागायला बरंच खोल जावं लागलं होतं. पाया पाईलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, न्यावा लागला तर दोन हजारांचा दर तिथेच संपला.

आता ठरावाबद्दल. शासनाच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांप्रमाणे सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि निर्णय एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांनी व्हायला हवा. चोवीसमध्ये तेरा मतं. त्याच निर्देशांत विकासकानं प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यावी असं आहे. आठ कोटींच्या कामाला ती एक कोटी ६० लाख होते. विकासकाच्या बोलण्यावरून त्याची कुवत ठरवण्यापेक्षा ही हमी मागून पाहावी. जो देतो त्याच्याशी पुढचं बोलू. ‘आपल्या घरचाच मानूस आहे, हमी कायची’ असं जो म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा. आणि ७०२ फूट म्हणजे रेराच्या व्याख्येतलं कार्पेट की बाल्कनी धरून, हेही त्याच्याकडून लिहून घ्यावं. रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही. बाल्कनी धरून ७०२ देत असतील तर ३५ टक्क्यांतले बरेचसे तिथेच निघून गेले.

समितीला माझी विनंती अशी की येत्या सभेत विकासक निवडीचा विषय घेऊ नये. त्याऐवजी सल्लागारांना अहवाल दुरुस्त करायला सांगणारा ठराव घ्यावा. त्यात नगर परिषदेचं रस्त्याच्या मंजूर रुंदीचं पत्र, ‘क’ प्रत, गाभ्यांची आणि फिनॉल्फ्थॅलिनची तपासणी, प्लॉटवर निदान दोन बोअर आणि गावातल्या नोंदवलेल्या व्यवहारांवरून काढलेला विक्रीचा दर एवढं असावं. सोबत मोठ्या दुरुस्तीचं स्वतंत्र अंदाजपत्रकही असावं, म्हणजे सभासदांना दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतील. सल्लागारांनी नाराज होण्याचं कारण नाही. त्यांना याच कामाचे पैसे आपण देतो आहोत.

या सगळ्याला पावसाळ्यापूर्वीचे दोन-तीन महिने पुरतात. बोअर तर पावसाआधीच घ्यायला हवेत. मोजणीचा अर्ज आणि नगर परिषदेला द्यायचं पत्र मी लिहून ठेवलं आहे, दोन्हीवर सचिवांची सही आणि शिक्का लागेल. ज्यांना वरचे हिशेब ओळीनं तपासायचे असतील त्यांनी संध्याकाळी घरी यावं, कागद टेबलावरच आहेत. माझा एखादा आकडा चुकीचा वाटला तर तो सभेत उभं राहून सांगावा.

आपला,
एक सभासद, निवृत्त उपअभियंता